फंड काढू नको रे! तिशीतल्या स्वतःला पत्र (अनुभव धागा)

उद्यमबागचा काका

निवृत्त झालेल्यांनी तरुणपणच्या स्वतःला पत्र लिहायचं आणि पैशाच्या कोणत्या सवयी तेव्हाच लावून घ्यायला हव्या होत्या ते सांगायचं, असा हा धागा. सुरुवात मी करतो. पुढे आपापलं लिहा. माझं पटलं नाही तरी लिहा.

बाळू,

आत्ता साल 1996 आहे आणि तू 32 चा. छोट्या वर्कशॉपमधून सुटून बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत पॅटर्न शॉपला लागलास. पगाराच्या चिठ्ठीवर पहिल्यांदाच फंडाची कपात दिसतेय आणि तुला वाटतंय, मालकानं खिशात हात घातला. तसं नाही बघ. तुझे जेवढे टक्के जातात तेवढेच मालकालाही घालावे लागतात. त्याच्या वाट्यातले 8.33 टक्के पेन्शनला जातात, उरलेले तुझ्या फंडात.

सवयी सांगतो. किराणा दुकानातली वही बंद कर. वहीवरचा माल तू भाव न विचारता उचलतोस. पिग्मीवाला वडगावात रोज फिरतोय, त्याला दाराशी थांबव, दहा रुपये का असेनात. गणपतीला आणि मुलांच्या शाळेला लागणारा पैसा त्यातून निघू दे, म्हणजे जूनमध्ये हात पसरावा लागणार नाही. सोनं दागिना म्हणून घे, गुंतवणूक म्हणून घेतोय असं बायकोला सांगू नको. ती हसते.

पण खरी सवय एकच, तिच्यासाठीच हे पत्र. नोकरी बदललीस की फंड काढू नको.

2003 मध्ये तू ही फाउंड्री सोडशील. शॉपमधले सगळे सांगतील, राजीनाम्यानंतर दोन महिने थांब, फॉर्म भर, पैसे मिळतात. एकोणीस नंबरचा फॉर्म फंडासाठी, 10सी पेन्शनसाठी. दोन्ही एकाच टाचणीत लावून देशील, आणि 10सी कशाचा आहे हे विचारणारही नाहीस. सात वर्षांची पेन्शन सेवा सुमारे सव्वीस हजारांत मोडून येशील. 2011 मध्ये तेच पुन्हा. आठ वर्षांची सेवा, साडेछप्पन्न हजार. पहिल्या खेपेला घरावर स्लॅब पडेल, दुसऱ्या खेपेला पोराची फी.

मग 2022 ला 58 पूर्ण होतील तेव्हा पेन्शन फक्त तिसऱ्या नोकरीच्या अकरा वर्षांची बसेल. हिशेब असा असतो: पेन्शनचा पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले सत्तर. सप्टेंबर 2014 च्या आधीच्या वर्षांना 6,500 ची मर्यादा, नंतरच्यांना 15,000 ची. तुझी आधीची तीन आणि नंतरची आठ. 19,500 आणि 1,20,000 मिळून 1,39,500. भागिले सत्तर, म्हणजे महिन्याला दोन हजारांना सात रुपये कमी. सेवा सलग असती तर आधीची अठरा वर्षं धरली असती. 1,17,000 आणि 1,20,000, भागिले सत्तर, 3,386. शिवाय वीस वर्षं पूर्ण करून 58 ला निवृत्त झालं की दोन वर्षं जादा धरतात, ती वेगळी.

काढायचा मोह आवरत नसेल तर निदान एक कर. तोच 10सी भरताना पैसे नको, स्कीम सर्टिफिकेट द्या म्हण. सेवा कागदावर जिवंत राहते आणि पुढच्या नोकरीत जोडता येते.

तुझाच,
बाळू, आता म्हातारा

शहापूरची सून

काका, पत्र वाचून आमच्या सासऱ्यांना दाखवलं. ते म्हणाले, आम्हाला कुठला फंड! पॉवरलूमवर मजुरी मीटरवर. कारखान्यात वीस माणसं झाली की फंड लागू होतो म्हणून मालक दोन शेडची दोन नावं लावायचे. सवय लावायला आधी कपात तरी व्हायला हवी ना. ते भिशीवर जगले. भिशीचा नंबर लागला की एक शेळी, नाहीतर गॅस सिलिंडर.

पण भिशीबद्दल मी त्यांना दोष देणार नाही. ती वेळेवर भरावी लागते, चार बायका विचारतात, म्हणून पैसे साठतात. बँकेत कोणी विचारत नाही.

निवृत्त कॅशियर

बाळूशेठ, तुमचा हिशेब बरोबर आहे, निष्कर्षाबद्दल मात्र शंका आहे. रागावू नका.

समजा 2003 चे ते सव्वीस हजार आणि 2011 चे साडेछप्पन्न हजार तुम्ही आठ टक्क्यांनी ठेवीत गुंतवले असते आणि व्याज काढलं नसतं. 2022 ला दोन्हींचे मिळून अडीच लाखांच्या आसपास झाले असते. त्यावर सात टक्के व्याज धरा, महिन्याला चौदाशे. तुमची पेन्शन कमी झाली तीही चौदाशेच. आणि मुद्दल तुमचंच, पोरांना मिळालं असतं. पेन्शनचं मुद्दल कोणाला मिळत नाही.

म्हणजे 10सीचे पैसे काढल्यानं नुकसान झालं असं आकडे म्हणत नाहीत. ते पैसे स्लॅबमध्ये गेले, ते नुकसान. पेन्शनच्या बाजूनं दोन गोष्टी आहेत. एक, ती दोन जादा वर्षं, जी तुकड्यातल्या सेवेला मिळत नाहीत. दुसरी, तुम्ही गेल्यावर बायकोला पेन्शनच्या निम्मी मिळते, किमान हजार. ठेव मोडायला घरातला कोणीही येऊ शकतो, पेन्शन मोडायला कोणी येत नाही.

खरं जास्त नुकसान 19 नंबरच्या फॉर्ममध्ये आहे. त्याचा तुम्ही उल्लेखच केला नाही. 1996 ते 2000 फंडाला बारा टक्के व्याज होतं! पुढे कमी होत गेलं तरी ठेवीपेक्षा सहसा वरच राहिलं. 2003 ला हातात किती आले होते?

उद्यमबागचा काका

पन्नासाच्या आत. तेवढेच ना, म्हणून तर उचलले.

निवृत्त कॅशियर

ते फंडात राहिले असते तर 2022 ला दोन लाखांच्या वर गेले असते. तेवढ्यासाठी पत्र लिहा.

माळमारुतीवाला

माझ्या ऐकण्यात असं की नोकरी सोडून तीन वर्षं झाली की फंडावर व्याज बंद होतं. म्हणून काढून घेतलेलं बरं. आमच्या चुलत भावाचे 2013 ला बंद झाले होते, पासबुकात आहे.

निवृत्त कॅशियर

भावाचं खरं आहे. 2011 ते 2016 तो नियम होता. नंतर बदलला, आता नोकरी नसली तरी 58 पर्यंत व्याज पडतं. पण खातं तसंच पडून ठेवण्यात शहाणपण नाही, ते नव्या खात्यात ओढून घ्यायचं.

निपाणीकर

तंबाखूच्या गावातून लिहितोय. आईनं तीस वर्षं बिड्या वळल्या. बिडीला 1977 पासून फंड लागू आहे. आमच्याकडं फंड काढणं न काढणं हा प्रश्नच नव्हता, प्रश्न नावाचा होता. कंपनीच्या वहीत आई "शांता", रेशनकार्डावर "शांताबाई", आधारवर नवऱ्याचं नाव आणि आडनाव जोडून. जन्मतारीख तीन ठिकाणी तीन. फॉर्म परत, पुन्हा परत. शेवटी आई आणि मालक दोघांच्या सह्यांचं जॉइंट डिक्लरेशन, सोबत शाळेचा दाखला. शाळेत ती दुसरीपर्यंतच गेली होती, पण तो दाखला कामाला आला. आमच्या भागात पंचायतीतली कागदं कन्नडमध्ये, शाळेची मराठीत, आधार इंग्रजीत. एका अक्षराचा फरक पडायला काय लागतं!

म्हणून माझ्या पत्रात पहिली ओळ हीच: फंडाचं नाव आणि आधारचं नाव नोकरी चालू असतानाच जुळवून घे. मालक जिवंत आहे, कारखाना चालू आहे, तोवर सही मिळते. कारखान्याला कुलूप पडल्यावर सही आणायला कुठं जायचं?

अनगोळचा सुपरवायझर

मी अजून नोकरीत आहे, दुसऱ्यांची खाती बघतो म्हणून लिहितोय. काकांच्या वेळी प्रत्येक नोकरीला नवा नंबर पडायचा. 2014 पासून यूएएन आहे, एकाच्या खाली सगळ्या नोकऱ्या येतात. तरी पोरं दरवेळी नवा यूएएन काढतात आणि मग जुना सापडत नाही. नव्या मालकाला जुनाच नंबर द्यायचा.

ट्रान्सफर कुठं अडकते ते सांगतो. जुना मालक सोडल्याची तारीखच भरत नाही. ती तारीख नसली की ऑनलाइन अर्ज पुढं सरकतच नाही. शेवटचा हप्ता जमा होऊन दोन महिने झाले की ती तारीख स्वतःही भरता येते, पोर्टलवर Manage मध्ये Mark Exit. तारीख जपून घाला. नव्या नोकरीची रुजू तारीख जुन्याच्या शेवटच्या तारखेच्या आधी आली तर दोन सेवा एकमेकांवर चढतात आणि दावा थांबतो.

अजून एक. ट्रान्सफर झाल्यावर पासबुकात पेन्शनच्या रकान्यात शून्य दिसतं. पोरं घाबरून माझ्याकडं येतात, म्हणतात पेन्शनचे पैसे बुडाले. बुडालेले नसतात. पेन्शनमध्ये पैसा नाही, सेवेची वर्षं पुढे जातात. ती Service History मध्ये दिसतात की नाही ते बघायचं. जुन्या ऑफिसनं अ‍ॅनेक्शर के पाठवलंय ना, त्यात आधीची सेवा लिहिलेली असते.

खानापूर रोड

मला एवढंच विचारायचंय. मुलाचा फंड आहे, साडेतीन लाख. आम्हाला वर एक मजला चढवायचाय. काढू की नको? नोकरी चालूच आहे त्याची.

शहापूरची सून

अहो, वरचं सगळं वाचलं काय?

अनगोळचा सुपरवायझर

नोकरी चालू असताना सगळा काढता येत नाही, घरासाठी अ‍ॅडव्हान्स मिळतो. त्याला पेन्शनच्या सेवेशी काही देणंघेणं नाही, सेवा तुटत नाही. निवृत्तीची रक्कम मात्र तेवढी कमी होणार. मजला पोराच्या नावावर आहे का, ते आधी बघा.

टिळकवाडीची मावशी

फंडाचं काढून झाल्यावर पैसे कुठे ठेवले, तेही कोणीतरी लिहा. आमच्या यजमानांनी निवृत्तीची रक्कम एका सोसायटीत ठेवली, दोन टक्के जास्त मिळतात म्हणून. दर महिन्याला व्याज यायचं, मग एक दिवस शटर बंद. पेन्शन नव्हतीच. बँक म्हणायचो आम्ही तिला.

निवृत्त कॅशियर

मावशी, ही आपल्याकडची मोठी गोष्ट आहे. सहकारी बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, 2020 पासून. सोसायटीला, सौहार्द पतसंस्थेला नसतो. पाटी दोन्हीकडे सारखीच दिसते. दारावर "बँक" शब्द आहे का आणि रिझर्व्ह बँकेचं लायसन्स आहे का, हे विचारायला काही लाजायचं नाही. तुमच्या सोसायटीचा प्रशासक नेमलाय का?

टिळकवाडीची मावशी

नेमलाय म्हणे. दोनदा अर्ज लिहून दिला. वाट बघतोय.

माळमारुतीवाला

बाळूकाका, स्लॅबवर काय बांधलंत पण?

उद्यमबागचा काका

दोन खोल्या. एकीत कॉलेजची पोरं राहतात, अडीच हजार भाडं येतं.

निवृत्त कॅशियर

मग हिशेब पुन्हा मांडायला लागेल की हो! भाडं कोणत्या साली सुरू झालं?

उद्यमबागचा काका

2009. मधे दोन वर्षं रिकामी होती. पण गळतीचा खर्चही धरा, दर पावसाळ्यात डांबर घालतो. आणि ते भाडं हिच्याकडं जातं, माझ्या हिशेबात कधी आलंच नाही.