विषय: नुसतं 'हे करून द्या' आलं तर

"मुलाने असाइनमेंटची पीडीएफ टाकली, खाली फक्त 'हे करून द्या'. समजावू की सोडवून देऊ?"

आधी पीडीएफ नीट वाचा. गुण, 'वैयक्तिक' किंवा जमा करायची तारीख दिसली की मी उत्तर देत नाही. इथे बडोद्यात बी.कॉम.च्या एका मुलीचा घसाऱ्याचा प्रश्न आला होता, सरळ रेषा पद्धतीचा: यंत्र 1,00,000, भंगार किंमत 10,000, आयुष्य 9 वर्षं. मी आकडे बदलून तसाच दुसरा पूर्ण सोडवून दिला: 50,000 वजा 5,000, भागिले 5, म्हणजे वर्षाला 9,000. तिच्या प्रश्नाचं तिचं उत्तर 11,111 आलं, आणि भंगार किंमत वजा करायची राहिलीय हे लगेच कळलं. वजा केल्यावर 10,000 आलं. आयतं उत्तर दिलं असतं तर ही चूक परीक्षेत झाली असती!

दुकानाच्या खऱ्या हिशेबाचा तक्ता असेल तर मात्र बिनदिक्कत करून द्या. कळत नसेल तर एवढंच विचारा, "हे कॉलेजात जमा करायचंय का?"