बी-३०४ च्या बरणीला बुरा आला

(सोसायटी ग्रुप, १४ जुलै)

सचिव काका: राजाराम बंधाऱ्याची पाणी पातळी परत वाढलीय. बेसमेंटला गाड्या लावलेल्यांनी वर घ्याव्यात.

बी-३०४ वैशाली: काका, मधेच बोलतेय, सॉरी. पण माझी गाडी नाही, लोणचं बुडालंय 😭 फोटो बघा. जूनच्या पहिल्या आठवड्यात घातलेलं कैरीचं लोणचं. आज दादरा सोडला तर हे.

(फोटो: चिनी मातीची बरणी, गळ्यापर्यंत भरलेली. वरच्या तीन-चार फोडींवर पांढरट-करडा कापूस, एकीच्या मधोमध हिरवट ठिपका.)

ए-१०२ आजी: अगं बुरा आलाय की. घाबरू नगंस. वरच्या फोडी काढून टाक, तेल कडकडीत तापवून गार करून ओत. आमच्या सासूबाई असंच करायच्या, मी बी करतो.

सी-३०३ मावशी: मीठ फुटलेलं असेल गं, माझ्या लिंबाच्या लोणच्यावर पण पांढरं दिसतं कधीकधी.

डी-२०१ सर: मावशी, फोटो मोठा करून बघा. मिठाचे खडे असते तर चमचमले असते, चिमटीत खरखरले असते आणि पाण्यात टाकल्यावर विरघळून गेले असते. याला लव आहे. लव आणि हिरवा ठिपका म्हणजे बुरशीच. लिंबाच्या खारावर कधी सुरकुतलेली, सपाट साय धरते, ती वेगळी. ती यीस्टची असते. हे तसलं नाही.

बी-३०४ वैशाली: मग आजी म्हणतात तसं करू का? दोन किलो फोडी आहेत ओ सर त्यात. लक्ष्मीपुरीतून आणलेल्या, कापणाऱ्याला वेगळे पैसे दिले होते.

डी-२०१ सर: जीव हळहळतो, पण ती बरणी टाका. डोळ्यांना दिसतो तो वरचा कापूस, त्याचे तंतू खाली कुठवर गेलेत ते दिसत नाही. शिवाय काही बुरशा जे विष तयार करतात ते तेल कितीही तापवलं तरी जात नाही. आणि एक गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही: बुरशी आंबटपणा खाते. कैरीच्या आंबटपणामुळे ज्या जिवाणूंना शिरकाव नसतो त्यांना मग तिथं वाट मोकळी होते.

ए-१०२ आजी: आम्ही खाल्लंय बाबा आयुष्यभर. काय झालं नाही.

डी-२०१ सर: आजी, तुमच्या लोणच्यात मीठ किती असायचं ते सांगा बघू.

ए-१०२ आजी: भरपूर. जिभेला चटका बसंल एवढं. नवीन लोणचं खारटच लागलं पाहिजे, मुरल्यावर बरोबर होतं.

डी-२०१ सर: तिथंच सगळं आहे. वैशाली, मीठ किती घातलं होतं?

बी-३०४ वैशाली: आईच्या वहीत आहे, किलोभर फोडींना एक वाटी. माझ्या सगळ्या मिळून अडीच किलो फोडी होत्या. अडीच वाट्या पाहिजे होत्या… पण यांचं बीपी. म्हणून दोनच घातल्या 🙈

ए-४०१ रोहित: इथं सापडला गुन्हेगार.

डी-२०१ सर: थांब रे. मीठ कुठलं, बारीक की खडे?

बी-३०४ वैशाली: खडे मीठच. लोणच्याला तेच घालतात ना? भाजून घेतलं चांगलं.

डी-२०१ सर: भाजून मग कुटलं?

बी-३०४ वैशाली: नाही… वहीत "भाजून कुटून" लिहिलंय. मला वाटलं विरघळणारच आहे, कशाला कुटायचं.

डी-२०१ सर: घरात वजनकाटा आहे? तीच वाटी एकदा खड्या मिठानं भरून मोजा, एकदा बारीक मिठानं. बरणीला अजून हात लावू नका.

सी-२०२ वैनी: कुणाची पांढरी गाडी आहे पाण्याच्या टाकीजवळ? टँकर आत येईना.

(वीस मिनिटांनी)

बी-३०४ वैशाली: सर!! बारीक मीठ वाटीत १९० ग्रॅम बसलं. खडे १४० ग्रॅम. वाटी तीच!

डी-२०१ सर: खड्यांच्या मधे हवा असते, म्हणून. आईंची वाटी कुटलेल्या मिठाची होती. किलोला १९० ग्रॅम, म्हणजे फोडींच्या वजनाच्या १९ टक्के. तुमच्या दोन वाट्या म्हणजे २८० ग्रॅम, तेही अडीच किलोला. जेमतेम ११ टक्के. तुम्हाला वाटलं अर्धी वाटीच कमी केली, प्रत्यक्षात मीठ निम्म्याच्या जवळ आलं.

ए-१०२ आजी: अगं बया.

डी-२०१ सर: मीठ बुरशीला मारत नाही, फोडीतलं पाणी धरून ठेवतं. पाणी मोकळं नसलं की बुरशीला ते पिता येत नाही. आंबटाचं तिला काही वाटत नाही, लिंबावरसुद्धा ती उगवते. म्हणून कैरी किती आंबट होती यावर जाऊ नये. वर्षभर बाहेर ठेवायचं असेल तर किलोभर फोडींना १८० ते २०० ग्रॅम मीठ, आणि तेही काट्यावर.

ए-४०१ रोहित: पण सर, मीठ तर सगळ्या बरणीत सारखंच कमी होतं. बुरशी वरच्याच फोडींना का?

डी-२०१ सर: चांगलं विचारलंस. तिला हवा लागते. वैशाली, घातलं त्या दिवशी फोडींवर तेल किती होतं?

बी-३०४ वैशाली: बोटभर होतं की! अर्धा किलो शेंगतेलाची फोडणी होती. मग बरणीला दादरा बांधून माळ्यावर ठेवली, ती आज काढली.

सी-३०३ मावशी: तेल पितात गं फोडी. मोहरीची डाळ तर त्याहून जास्त पिते, फुगते. मी आठ दिवसांनी बघते, परत पंधरा दिवसांनी. उघड्या पडल्या की तेल धूर येईपर्यंत तापवायचं, पूर्ण गार करायचं आणि ओतायचं. पहिल्या महिन्यात माझं पाव किलो तरी वरून जातं.

डी-२०१ सर: मावशींनी नेमकं सांगितलं. तेलाचं काम एवढंच, हवा तोडायची. फोटोत वरच्या फोडी तेलातून डोकं काढून बसल्यात, अगदी तिथंच कापूस धरलाय. त्यात बरणी गळ्यापर्यंत भरलेली, म्हणजे वर तेल राहायला जागाच नव्हती. चार बोटं मोकळी सोडायला पाहिजेत.

बी-३०४ वैशाली: अजून एक कबूल करते. फोडणी पूर्ण गार झाली नव्हती. रात्रीचे अकरा वाजलेले. कोमट होती, ओतली आणि लगेच झाकण लावलं.

ए-१०२ आजी: मग झाकणाला घाम आला असंल.

बी-३०४ वैशाली: आत्ता पण आहे आजी. झाकण उलटं केलं तर आतून थेंब लोंबतायत.

डी-२०१ सर: तेच थेंब वरच्या फोडींवर पडले. मीठ आधीच कमी, त्यात वरच्या थरावर आणखी पाणी.

सी-३०३ मावशी: आपल्याकडं जुलैत घरातले कपडे वाळत नाहीत, लोणच्याला दोष कुठं द्यायचा.

बी-३०४ वैशाली: आता गंमत ऐका. त्याच घाण्यातलं अर्धा किलो एका छोट्या काचेच्या बरणीत काढलं होतं, फ्रिजशेजारी आहे. आत्ता बघितलं. काहीच नाही! वर छान तेल उभं आहे, वास पण मस्त. मीठ तर त्यात पण तेवढंच.

डी-२०१ सर: मघाशी रोहितनं विचारलेल्याचं उत्तरच आहे ते. मीठ तेवढंच कमी, पण हवा पोचली नाही. पण ते आता बाहेर ठेवू नका, रोज चमचा जायला लागला की तेल हलणार. दोन वाटा आहेत. ५०० ग्रॅम फोडींत आत्ता साधारण ५६ ग्रॅम मीठ आहे. ३५ ग्रॅम भाजून, कुटून, गार करून घाला, कोरड्या चमच्यानं हलवा, वर तेल आलंय ना बघा. नाहीतर मीठ आहे तेवढंच राहू द्या, फ्रिजमध्ये टाका आणि महिन्याच्या आत संपवा.

बी-३०४ वैशाली: फ्रिजमध्ये टाकते. बीपीवाले घरातच आहेत.

सी-२०२ वैनी: बीपीवाल्यांना एक फोड कमी वाढ. लोणच्यातलं मीठ कमी करण्यापेक्षा पानातलं लोणचं कमी.

ए-१०२ आजी: हे बेस सांगितलंस.

ए-४०१ रोहित: दुकानातल्या बाटलीत ती पावडर घालतात ना टिकायला? ती चिमूटभर घातली तर?

डी-२०१ सर: सोडियम बेन्झोएट. ते चिमटीनं घालायची गोष्ट नाही, किलोला मिलिग्रॅममध्ये मोजायचं असतं. घरच्या काट्यावर ते वजन येतच नाही. मीठ मोजता येतं, ते मोज.

बी-३०४ वैशाली: मोठी बरणी टाकते मग 💔 पण लोणच्याशिवाय श्रावण कसा काढायचा? आता कैऱ्या पण मिळायच्या नाहीत चांगल्या.

सी-३०३ मावशी: लिंबाचं घाल की. किलोभर लिंबं, पातळ सालीची, डाग नसलेली. धुवून पुसून पंख्याखाली रात्रभर पसर. देठाच्या खळग्यात पाणी राहतं, तिथं फडक्याचं टोक घालून पूस. आठ फोडी करायच्या, २०० ग्रॅम मीठ चोळायचं, आणि आणखी सहा-सात लिंबांचा रस वरून. फोडी रसात बुडल्या पाहिजेत. तेल नसतं त्यामुळं इथं रसच झाकण.

बी-३०४ वैशाली: ऊन कुठं आहे दाखवायला?

सी-३०३ मावशी: ऊन नको. रोज सकाळी बरणी कोरड्या हातानं घुसळायची, म्हणजे वरच्या फोडी खाली जातात. महिन्यात साल मऊ होते, बोटानं दाबली की तुटते. मग तिखट, मेथी, हिंग. आधी घातलं की मसाला रस पितो आणि फोडी परत उघड्या.

ए-१०२ आजी: बरणी नीट धू आणि हिंगाची धुरी दे. निखाऱ्यावर हिंगाचा खडा, वर बरणी पालथी.

बी-३०४ वैशाली: निखारा कुठला आणू आजी, इंडक्शन आहे.

ए-१०२ आजी: माझ्याकडं ये. शेगडी हाय.

डी-२०१ सर: धुरीच्या आधी पूर्ण वाळू दे. उकळत्या पाण्यानं विसळून पुसायची, मग दोन दिवस उघडी, तोंड वर करून. तळाशी बोट फिरवून बघायचं. चिनी बरणीला आत चिरा असतील तर ती लोणच्याला घेऊच नका, फटीत बुरशी राहते. आणि तो दादरा टाकून द्या, नवीन कापड घ्या.

बी-३०४ वैशाली: तळाला एक केसासारखी चीर आहे 😐 आईची बरणी.

सी-२०२ वैनी: त्यात मीठ ठेव. खडे मीठ. आणि वाटी बाहेर ठेव 😄

बी-३०४ वैशाली: वैनी 😂

सचिव काका: वैशाली, टाकताना एक विनंती. सिंकमध्ये किंवा बाथरूमच्या नाळीत ओतू नका. मागच्या वर्षी सी विंगचा चेंबर तुंबला तेव्हा आत तेलाचा हा एवढा गोळा निघाला होता. दुहेरी पिशवीत बांधून ओल्या कचऱ्यात. घंटागाडी उद्या साडेसातला.

बी-३०४ वैशाली: हो काका. दोन किलो आहे, पिशवी फाटणार नाही ना?

सचिव काका: माझ्याकडं सिमेंटची रिकामी पोती आहेत, खाली येऊन घेऊन जा. आणि ती पांढरी गाडी कुणाची ते सापडलं का?

ए-४०१ रोहित: माझीच आहे काका. लोणचं वाचत बसलो. काढतो.