संवादात "म्हणाली" किती वेळा? आणि स्वल्पविराम कुठे?

औसेकर: कथेत दोन जावा बोलतायत. वाचणाऱ्यांना शेवटचं वाक्य कुणाचं ते कळत नाही.

"तूर आत घे," थोरली म्हणाली. धाकटीनं आभाळाकडं पाहिलं. "पाऊस लांब हाय आजून."

गोदाकाठ: दर वेळी "म्हणाली" कंटाळवाणं होतं. पुटपुटली, खेकसली, उद्गारली असं बदलत जा. शिवाय मराठीत क्रियापदावरूनच बाई की बाप्या ते कळतं, नाव कशाला लागतंय?

सिंदफणा: लिंग कळतं, पण इथं दोघीही बायकाच आहेत. "म्हणाली" वाचताना डोळ्याला टोचत नाही, "उद्गारली" मात्र लगेच टोचतं. "खेकसली" खरंच खेकसली असेल तेव्हाच ठेवा.

औसेकर, घोळ परिच्छेदाचा आहे. थोरलीच्या परिच्छेदात धाकटी मान वर करते आणि तिथंच वाक्य येतं. ज्याची कृती, त्याचंच बोलणं त्या परिच्छेदात ठेवायचं:

"तूर आत घे. आभाळ भरून येऊलालंय."

धाकटीनं मान वर केली. "लांब हाय आजून. तुम्ही बसा, मी बघते."

आता "म्हणाली" एकदाही नाही, तरी कोण बोलतंय ते कळतं. थोरली "घे" म्हणते, धाकटी "तुम्ही बसा". जावाजावांतला तो मान आपोआप नाव सांगतो.

गोदाकाठ: आणि दोघी मैत्रिणी असल्या, एकमेकींना "तू"च म्हणत असल्या तर?

सिंदफणा: मग हा आधार गेला. तिथं चार-पाच ओळींनी एकीचं नाव किंवा हातातलं काम आणावंच लागतं. कृती काढून नुसती बोलणी दुसऱ्याला वाचून दाखवा. तो जिथं "हे कोण?" विचारेल, तिथं घाला.

मास्तर_बीड: आम्ही एकांकिकेत डावीकडं नाव लिहून मोकळे होतो. कथेत तसं चालेल का?

सिंदफणा: ती नाटकाची संहिता झाली, मास्तर. कथेत निवेदक बोलतो.

औसेकर: आणि हे बरोबर आहे का? "चल आत," तिनं गोणपाट उचललं.

सिंदफणा: नाही. गोणपाट उचलणं म्हणजे बोलणं नव्हे, म्हणून "चल आत." असा पूर्णविराम द्या आणि पुढचं वेगळं वाक्य करा. स्वल्पविराम म्हणाली, विचारलं, ओरडली यांच्या आधी. "कुठं?" ती म्हणाली, इथं प्रश्नचिन्ह आहे, तर पुन्हा स्वल्पविराम नको. "हसली"चं मात्र माझंही ठरत नाही. हसत बोलता येतं म्हणून काही जण स्वल्पविराम ठेवतात, मी पूर्णविराम देतो.

गोदाकाठ: मी स्वल्पविरामच ठेवणार. हसू बोलण्यातच मिसळलेलं असतं की!

औसेकर: बोली अवतरणातच ठेवू, की निवेदनातही "तिनं", "आभाळाकडं" चालेल?

सिंदफणा: चालेल, पण मग पहिल्या पानापासून. तिसऱ्या पानावर एकदम "तिने" दिसलं की वाचणारा अडखळतो.