मदत हवी आहे: मधाच्या बरणीचं झाकण निघत नाही, काच मात्र जपायची आहे

निळीशाई:
जाड काचेची जुनी बरणी आहे, झाकण पत्र्याचं, पाव फेऱ्यात उघडणारं. मध घट्ट झाला होता म्हणून घरात कुणीतरी बरणी कोमट पाण्यात ठेवून तो पातळ केला आणि गरम असतानाच झाकण लावून टाकलं. आता ते तसूभरही हलत नाही. कडेला वाळलेला मध दिसतोय. मध गेला तरी चालेल, पण अशी बरणी पुन्हा मिळायची नाही, तेव्हा काचेला धक्का लागणार नाही असा उपाय हवा आहे.

पाऊलवाट:
सोपं आहे. उकळतं पाणी झाकणावर ओता. धातू काचेपेक्षा जास्त प्रसरण पावतो, झाकण सैल होतं. आमच्याकडे नेहमी हेच करतात.

सुतारपक्षी:
थांबा, उकळतं पाणी नको. बाटल्या भरण्याच्या कामात बरीच वर्षं काढली आहेत म्हणून सांगतो. धातू जास्त प्रसरण पावतो हे खरं, पण पत्रा आणि साधी काच यांच्यातला फरक फार थोडा असतो. ७ सेंटिमीटरचं झाकण ४० अंशांनी तापवलं तरी ते केसाच्या जाडीइतकंही सैल होत नाही. गरम पाण्याने काम होतं ते मुख्यतः झाकणाच्या आतली रबरासारखी कडा मऊ पडते आणि आट्यांतली साखर विरघळते म्हणून. त्यासाठी हाताला सोसेल एवढं, ४५-५० अंशांचं पाणी पुरतं. साध्या काचेवर एकदम ४० अंशांच्या आसपास फरक पडला की तडा जायची भीती असते. बरणी थंड असेल तर आधी काही तास बाहेर राहू द्या.

निळीशाई, झाकणाचा मधला भाग बोटाने दाबून बघा. खाली दबलेला आणि ताठ आहे, की दाबला की लवतो?

निळीशाई:
खोलगट आणि ताठ आहे, अजिबात लवत नाही.

सुतारपक्षी:
म्हणजे दोन्ही अडचणी आहेत. आतली गरम हवा थंड होऊन आकसली, त्यामुळे बाहेरची हवा झाकण दाबून धरते आहे. एवढ्या झाकणावर निम्मी निर्वात पोकळी असली तरी साधारण २० किलोचा दाब येतो. शिवाय आटे मधाने चिकटलेत. जोर लावून फिरवू नका, हात सटकला की बरणी जाते.

बरणी सरळच उभी ठेवा. उलटी करून पाण्यात बुडवली तर झाकण सुटताना आत पाणी ओढलं जाईल, आणि पाणी शिरलेला मध आंबतो. गरम पाण्यात भिजवून घट्ट पिळलेलं फडकं झाकणाच्या कडेभोवती गुंडाळा, निवलं की बदला. वीसेक मिनिटं करा. मग कड कोरडी पुसून हवा आत सोडायची. झाकणाची कड नीट बघा, आतल्या बाजूला वळलेले छोटे दात असतात. दोन दातांच्या मधल्या फटीत चमच्याच्या दांड्याचं बोथट टोक सरकवा आणि दांडा पिळा, म्हणजे पत्रा बाहेरच्या बाजूला ओढला जाईल. काचेवर टेकवून उचकटायचं नाही, टवका उडतो तो तिथेच. ‘टक्’ आवाज होऊन मधला भाग वर आला की पोकळी संपली. मग रबरी हातमोजा घालून फिरवा.

टवका उडालाच तर मध टाकून द्या, गाळून वापरू नका.

टिकली:
माझी अत्तराची कुपी आहे, बूच पण काचेचंच. तिलाही चमचा चालेल का?

सुतारपक्षी:
नाही. तिथे ना आटे, ना पत्रा. बूच आणि मान दोन्ही काच, उचकटलं तर मानच तुटेल. अत्तराचा सुकलेला अंश असेल तर सांध्यावर स्पिरिटचे थेंब सोडून रात्रभर ठेवा, मग लाकडी पळीने बुचाला आळीपाळीने दोन्ही बाजूंनी हलके टिचकवा. पण घासून बसवलेलं बूच खरंच अडकलं असेल तर खात्री देता येत नाही.

पाऊलवाट:
मग पत्र्याच्या झाकणाला खिळ्याने भोक का पाडू नये? हवा लगेच जाईल.

सुतारपक्षी:
जाईल, आणि काचही वाचेल. पण झाकण जातं आणि पत्र्याचा कीस मधात पडू शकतो. निळीशाईंना मधाची पर्वा नाही म्हणतात, पण त्या मापाचं दुसरं झाकण मिळेल का ते आधी बघावं.

आणि हे सगळं खोलगट झाकणाचं आहे. न उघडलेल्या बरणीचं झाकण वर फुगलेलं असेल तर आतला पदार्थ बिघडून वायू झालेला असतो. ती चाखूही नये.

निळीशाई:
फडक्याने कड मऊ झाली. एका बाजूला दांडा पिळला तेव्हा ‘टक्’ झालं, मधला भाग आता लवतोय. तरी झाकण जेमतेम थोडंसं सरकलं आणि पुन्हा अडलं. पत्रा वाकला असेल का?

सुतारपक्षी:
असू शकतं, दात काचेच्या आट्याला अडत असेल. पण बहुधा पलीकडच्या बाजूचा मध अजून सुटलेला नाही. आता पोकळी नाही, त्यामुळे घाई नको. पुन्हा फडकं गुंडाळा आणि आधी उलट, म्हणजे बंद करायच्या दिशेने, किंचित ढकलून बघा.