फौजदारीत सुटला तरी क्लेम उभा राहतो

"ड्रायव्हर कोर्टातून निर्दोष सुटला. मग भावाच्या अपघाताचा क्लेम संपला का?"

नाही ताई. समजा, कोरेगाव रस्त्यावर तिन्हीसांजेला टेम्पोनं दुचाकी उडवली. साक्षीदारानं टेम्पो पाहिला, चालवणाऱ्याचा चेहरा नाही. फौजदारीत अशी वाजवी शंका उरली की आरोपी सुटतो. ते योग्यच आहे, तिथं माणूस तुरुंगात जातो. मोटार अपघात न्यायाधिकरण मात्र कुणाचं म्हणणं जास्त संभवतं एवढंच बघतं. पंचनाम्यात टायरच्या खुणा दुचाकीच्या बाजूला गेलेल्या, टेम्पोच्या बंपरला तिचा रंग लागलेला आणि ड्रायव्हर साक्षीला उभाच राहिला नाही, तर पारडं तुमच्याकडे झुकतं. पंचनाम्यातला नकाशा मात्र नीट बघा. धडक रस्त्याच्या मधोमध दाखवली असेल, तर विमा कंपनी भावाचीही चूक काढून भरपाई कमी करायला बघेल.