कोल्हापूर डेपोच्या विक्री बिलांत दोन क्रमांक सापडत नाहीत. शाखानिहाय मालिका कशी ठेवावी?

भोसरी_लेखाविभाग
नमस्कार. भोसरीत आमचा पंपांच्या सुट्या भागांचा कारखाना असून कोल्हापूर आणि नागपूर येथे डेपो आहेत. तिन्ही ठिकाणांचा जीएसटी क्रमांक एकच आहे. एप्रिल २०२५पासून आम्ही ERPNext वापरतो आणि कोल्हापूरच्या विक्री बिलांसाठी पुढील मालिका लावली आहे.

```
KOP.YY.-.#####
```

ऑगस्टमध्ये KOP25-00412 ते KOP25-00498 असे ८७ क्रमांक वापरले गेले. विक्री नोंदवहीत ८३ बिले आहेत आणि २ रद्द केलेली दिसतात. 00447 आणि 00471 हे दोन क्रमांक मात्र कुठेच नाहीत, आणि लेखापरीक्षकांनी त्यांचा लेखी खुलासा मागितला आहे. दुसरी अडचण अशी की १ जानेवारीला कोणीही काही बदललेले नसताना मालिका आपोआप KOP26-00001पासून सुरू झाली. या दोन क्रमांकांचे काय करावे आणि येत्या एप्रिलपासून मालिकेची रचना कशी असावी, याबद्दल जाणकारांचा सल्ला हवा आहे.

जुनी_रोजकीर्द
तीस वर्षे हिशेब लिहीत आलो आहे, त्या अनुभवावरून सांगतो. बिलाच्या क्रमांकात खंड राहू देऊ नये. त्या दोन क्रमांकांवर ऑगस्टच्याच तारखेची दोन लहान बिले करून टाकावीत, म्हणजे प्रश्न मिटेल. आणि जानेवारीत क्रमांक एकपासून सुरू होणे बेकायदा आहे. ते १ एप्रिललाच व्हायला हवे.

अंतर्गत_तपासणीस
रोजकीर्दसाहेब, खंडाविषयीची आपली काळजी रास्त आहे, पण उपाय घातक आहे. आज तयार केलेले बिल ऑगस्टच्या तारखेने दाखवले, तरी ते खरोखर कधी बनले याची वेळ प्रणालीत नोंदली जाते. जो खंड निष्पाप असण्याची शक्यता होती, त्याच्या जागी आपण स्वतःच्या हाताने खोटी नोंद ठेवलेली असते.

जानेवारीच्या मुद्द्यावर सीजीएसटीचा नियम ४६ पाहावा. बिलाचा क्रमांक सलग असावा, सोळा अक्षरांपेक्षा मोठा नसावा आणि त्या आर्थिक वर्षात पुन्हा आलेला नसावा, एवढीच नियमाची मागणी आहे. एकाहून अधिक मालिका चालतात. क्रमांक एप्रिलमध्ये एकपासूनच सुरू झाला पाहिजे असे तेथे म्हटलेले नाही. KOP25 आणि KOP26 ही उपसर्गे वेगळी असल्याने कोणताही क्रमांक दोनदा येत नाही. बेकायदा काही नाही, मात्र एका वर्षाची विक्री दोन मालिकांत विभागली गेल्याने पडताळणी किचकट होते.

आता खंडाची भीती कशाची, ते सांगतो. नोंदवहीत असलेले बिल खरे आहे की नाही, हे आम्ही कागद पाहून तपासू शकतो. नोंदवहीत न आलेली विक्री मात्र तपासायला समोरच नसते. अशा विक्रीची खूण मिळण्याच्या ज्या मोजक्या जागा आहेत, त्यांपैकी क्रमांकांची सलगता ही एक आहे. माल बिलासह बाहेर पडला, पैसे रोख आले आणि नंतर बिल पुसले गेले, तर मागे फक्त रिकामा क्रमांक उरतो. शिवाय जीएसटीआर-१च्या तक्ता १३मध्ये कोणत्या क्रमांकापासून कोणत्या क्रमांकापर्यंत बिले दिली आणि त्यांतील किती रद्द झाली, हे आपण स्वतःच कळवता. ८७ वजा २ म्हणजे ८५ बिले दाखवायची आणि विक्री ८३ बिलांची, हा फरक तिथेच उघड होतो. रद्द झालेल्या बिलाला कारण आणि माणूस असतो; आपल्या दोन क्रमांकांना अजून दोन्ही नाहीत.

सांगली_टॅलीवाले
आमच्याकडे हा प्रश्नच येत नाही. टॅलीमध्ये मधले व्हाउचर काढून टाकले की पुढचे क्रमांक आपोआप एकाने मागे सरकतात आणि मालिका अखंड राहते. तुमच्या प्रणालीतही अशी सोय शोधावी.

अंतर्गत_तपासणीस
कृपया ती सोय आजच बंद करा आणि मूळ क्रमांक तसेच ठेवण्याचा पर्याय निवडा. ग्राहकाच्या हातातील छापील बिलावर ११२ आणि तुमच्या वहीत त्याच बिलाला १११, अशी स्थिती झाली, तर ग्राहकाला मिळणारे क्रेडिट जुळत नाही. मालिका अखंड दिसत असली तरी ती कागदाशी इमान राखत नाही, आणि माझ्या मते हे खंडापेक्षा अधिक वाईट आहे.

प्रणाली_मांडणी_पुणे
मूळ प्रश्नाकडे येतो. ERPNext मध्ये क्रमांक बिल सबमिट करताना पडत नाही, मसुदा पहिल्यांदा जतन करतानाच पडतो. सर्वांत शेवटचा मसुदा काढून टाकला तर मोजणी एकाने मागे येते. त्याच्यानंतर आणखी बिले बनलेली असतील तर मात्र क्रमांक कायमचा रिकामा राहतो. म्हणून प्रथम `Deleted Document` ही यादी उघडा. काढून टाकलेल्या मसुद्याचा पूर्ण मजकूर, तो कोणी आणि कधी काढला, हे सर्व तेथे मिळेल. त्याचबरोबर `Print Settings` मध्ये मसुदा छापण्याची परवानगी सुरू आहे का, ते पाहा. ती सुरू असेल तर मसुद्याचाच कागद घेऊन गाडी बाहेर पडू शकते, आणि तपासणीस म्हणतात ती शंका प्रत्यक्षात शक्य होते. छपाई बंद करा आणि मसुदा काढून टाकण्याचा अधिकार डेपोतून काढून घ्या.

जानेवारीचे कारण `.YY.` हे आहे. तो भाग कॅलेंडर वर्ष घेतो, आणि उपसर्ग बदलला की मोजणी नव्याने सुरू होते. मी आर्थिक वर्ष उपसर्गातच लिहून ठेवतो आणि दर एप्रिलला नवी मालिका जोडतो.

```
KOP2627-.#####
NAG2627-.#####
```

यामुळे ३१ मार्चचे राहिलेले बिल २ एप्रिलला करायचे झाल्यास जुनी मालिका निवडता येते. लांबीकडेही लक्ष असू द्या. अनेकांना `KOP/26-27/00123` हे रूप आवडते, पण ते पंधरा अक्षरांचे आहे. बिल रद्द करून सुधारले की प्रणाली मागे `-1` जोडते, मग सतरा अक्षरे होतात आणि मर्यादा ओलांडली जाते. वरील रूपात तेरा होतात आणि सुधारणेनंतरही पंधराच राहतात.

मडगाव_शाखा
आमची गोव्यातील शाखा आणि पुण्यातील मुख्यालय यांचे जीएसटी क्रमांक वेगळे आहेत. आम्हालाही वेगळा उपसर्ग सक्तीचा आहे का?

अंतर्गत_तपासणीस
कायद्याने नाही, कारण क्रमांकाचे वेगळेपण प्रत्येक जीएसटी क्रमांकापुरते पाहिले जाते. तरीही दोन्हींची बिले एकाच प्रणालीत असतील तर उपसर्ग वेगळा ठेवाच. आणखी एक गोष्ट येथेच सांगतो. ई-इनव्हॉइस लागू असेल तर पोर्टलवर रद्द करण्यास २४ तास मिळतात, आणि रद्द झालेला क्रमांक पुन्हा वापरता येत नाही.

भोसरी_लेखाविभाग
सर्वांचे आभार. यादी पाहिली. 00447 हा मसुदा 00446ची हुबेहूब नक्कल होता आणि तो पाच मिनिटांत काढला गेला होता, त्यामुळे त्याचा खुलासा लिहून दिला आहे.

00471ची गोष्ट वेगळी निघाली. त्यात एका ग्राहकाच्या नावे ५० इम्पेलर होते आणि तो दुसऱ्या दिवशी सकाळी काढला गेला. त्याच ग्राहकाला 00474 या बिलाने ४० इम्पेलर गेलेले आहेत. मसुदा छापण्याची परवानगी आमच्याकडे सुरूच होती. डेपोतील सहकारी म्हणतात की साठा कमी पडल्याने संख्या बदलली. ते खरे असू शकते, पण मग आहे तोच मसुदा दुरुस्त का केला नाही, याचे उत्तर त्यांना देता आले नाही. फाटकावरील नोंदवही आणि त्या दिवसाचा साठा उद्या कोल्हापूरला जाऊन स्वतः पाहणार आहे. तोपर्यंत लेखापरीक्षकांना या क्रमांकाबद्दल काय लिहावे?

अंतर्गत_तपासणीस
जे सापडले तेवढेच लिहा, मसुद्याची प्रत जोडा आणि साठ्याची पडताळणी चालू असल्याचे कळवा. फाटकाच्या नोंदीत गाडीची वेळ 00474 बनण्याच्या आधीची असेल, तर मला ते नक्की सांगा.