सल्ला हवा: दिल्लीच्या विद्यापीठात फॉर्म 'पेंडिंग', प्रवेश विभागाला मेल कसा लिहू?

प्रिया_लातूर: नमस्कार मंडळी. सीयूईटी पीजी दिली, दिल्लीच्या एका केंद्रीय विद्यापीठात एमए इतिहाससाठी फॉर्म भरला. आमची जात वंजारी, म्हणजे राज्यात एनटी-डी, केंद्राच्या यादीत ओबीसी. फॉर्मवर ओबीसी टाकलं आणि घरात होतं ते नॉन क्रिमिलेयर जोडलं. जून 2025 मध्ये काढलेलं आहे, 31 मार्च 2028 पर्यंत चालतं. आता पोर्टलवर कॅटेगरी सर्टिफिकेटपुढे 'पेंडिंग' आणि खाली 'व्हॅलिड सर्टिफिकेट अपलोड करा' एवढंच. काय कमी आहे ते कुठेच नाही. हाताशी नऊ दिवस आहेत. दिल्लीला जाणं शक्य नाही, फोन कुणी उचलत नाही. फक्त मेल कसा लिहायचा ते सांगा. माझा अर्ज क्रमांक [संपादकांनी काढला]

अभिजीत_के: सरळ दिल्ली गाठ. मी माझ्या वेळी रात्रीची गाडी पकडून गेलो होतो, खिडकीवर उभा राहिलो, वीस मिनिटांत काम झालं. मेल-बिल कुणी वाचत नाही.

मोहिनीकाकू: अगं, अर्ज क्रमांक असा चारचौघांत टाकू नये. आमच्या भाचीच्या लॉगिनमध्ये कुणीतरी शिरून विषयच बदलले होते.

प्रिया_लातूर: काढला काकू. अभिजीतदादा, दिल्ली नको म्हटलंय वर.

वैदेही_सॅन_होजे: आमच्याकडे अ‍ॅडमिशन ऑफिस चोवीस तासांत उत्तर देतं. माझ्या मुलाचं ट्रान्सक्रिप्ट पोचलं नव्हतं तेव्हा आम्ही काउन्सेलरलाच सांगितलं होतं. तुमच्या कॉलेजात काउन्सेलर नाहीत का?

निवृत्त_कारकून: प्रिया, एका विद्यापीठाच्या प्रवेश विभागात मी बावीस वर्षं टेबलावर होतो, म्हणून पलीकडची बाजू सांगतो. हंगामात दिवसाला शेकड्यांनी मेल येतात. "सर, माझा फॉर्म पेंडिंग आहे, कृपया मदत करा" असा मेल उघडला की मला पोरगं शोधावं लागायचं, मग कागद शोधायचा, मग त्याला काय हवंय ते ओळखायचं. तो मेल मी बाजूला ठेवायचो, आणि बाजूला ठेवलेला परत वर यायचा नाही.

आधी एक बघ, तू कुठला क्रमांक देतेयस? तुझ्याकडे दोन आहेत. एक एनटीएचा परीक्षेचा आणि दुसरा विद्यापीठाच्या पोर्टलवर फॉर्म भरल्यावर मिळालेला. प्रवेश विभागाच्या संगणकावर दुसराच चालतो. निम्मी पोरं पहिला देतात आणि उत्तर येतं, 'रेकॉर्ड नॉट फाउंड'.

प्रिया_लातूर: काका, मी एनटीएचाच टाकला होता इथे :( म्हणजे मेलमध्येही तोच गेला असता.

गणेश_सेतू: ताई, मी सेतू केंद्र चालवतो. तुमचं नॉन क्रिमिलेयर महाराष्ट्र शासनाचं आहे, केंद्राचं नाही, दोष एवढाच. त्यावर ओबीसी लिहिलंय का भज-ड, ते बघा आधी. दिल्लीवाल्याला भज-ड म्हणजे काय ते कळणार नाही. केंद्राचा नमुना वेगळा निघतो, आपल्याकडून अर्ज प्रांत ऑफिसला जातो.

अभिजीत_के: नॉन क्रिमिलेयर एकच असतं हो. माझ्या चुलतभावाने राज्याचंच लावलं होतं, कुणी काही बोललं नाही.

गणेश_सेतू: कुठे लावलं होतं?

अभिजीत_के: पॉलिटेक्निकला.

गणेश_सेतू: मग बोलणारच नाही ना.

निवृत्त_कारकून: गणेश म्हणतो ते बहुतेक बरोबर, पण एवढाच दोष असेल असं नाही. कागद हातात धरून बघ. केंद्राच्या नमुन्यात क्रिमिलेयरच्या परिच्छेदात 8 सप्टेंबर 1993 च्या ज्ञापनाचा क्रमांक असतो, 36012/22/93 असा सुरू होणारा. तो नसला की कागद राज्याचा. दुसरी गोष्ट तारीख. राज्याचं तीन वर्षं चालतं, पण बरीच केंद्रीय विद्यापीठं चालू आर्थिक वर्षातलं, म्हणजे यंदाच्या 1 एप्रिलनंतर काढलेलं मागतात. तुझा जून 2025 चा कागद तिथेही अडकतो.

तेव्हा मेलमध्ये "काय कमी आहे" असं मोघम विचारू नकोस. त्याला एका शब्दात उत्तर देता येईल असा एकच प्रश्न विचार. इंग्रजीत पाठव, पण मजकूर एवढाच ठेव:

विषय: अर्ज क्र. (पोर्टलचा), एमए इतिहास, ओबीसी दाखला प्रलंबित
"माझा ओबीसी-एनसीएल दाखला प्रलंबित दाखवत आहे. तो महाराष्ट्र शासनाच्या नमुन्यातला असून जून 2025 मध्ये दिलेला आहे. नाकारण्याचे कारण नमुना आहे, की दिनांक, की दोन्ही?"
खाली नाव आणि नोंदणी केलेला मोबाइल. मेलही फॉर्ममध्ये दिलेल्या पत्त्यावरूनच पाठव, वडिलांच्या नाही.

वंजारवाडी_एक्स्प्रेस: प्रश्न काय विचारायचा त्यात? दोन्हीच असणार. सरळ नवा काढा. उत्पन्नाची अट आठ लाखांची आहे, वडिलांना पगार असेल तर विसरा.

गणेश_सेतू: पगार आणि शेतीचं उत्पन्न त्या आठ लाखांत धरत नाहीत. यावरून माझ्या केंद्रात रोज भांडणं होतात.

वंजारवाडी_एक्स्प्रेस: मग आमच्या तलाठ्याने धरलं ते काय?

गणेश_सेतू: ते तलाठ्याला विचारा. वडील कोणत्या हुद्द्यावर आहेत ती चाळणी वेगळी, ती मात्र लागते.

मोहिनीकाकू: कुलगुरूंना सीसीत ठेव. दबाव येतो.

निवृत्त_कारकून: काकू, कुलगुरूंचा मेल फिरून आमच्याच टेबलावर यायचा, 'योग्य कार्यवाहीसाठी' असा शेरा मारून, चार दिवसांनी.

प्रिया_लातूर: मेल पाठवला. काका, तुमचाच मजकूर घेतला, फक्त शेवटी एक ओळ वाढवली: "कागद अपलोड करण्याची शेवटची तारीख वाढणार आहे का?" राहवलं नाही.

निवृत्त_कारकून: अरेरे.

प्रिया_लातूर: तीन दिवसांनी उत्तर आलं. "कृपया पोर्टलवरील वेळापत्रक पाहावे." बस. नमुन्याबद्दल अक्षर नाही.

अभिजीत_के: म्हटलं होतं ना, दिल्ली.

निवृत्त_कारकून: सोप्या प्रश्नाला उत्तर दिलं आणि मेल निकाली काढला. मीही असंच केलं असतं, खोटं का बोलू. त्याच मेलच्या उत्तरात, नवा विषय न करता, पहिला प्रश्न परत पाठव. फक्त तेवढाच.

प्रिया_लातूर: दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: "दोन्ही. केंद्रीय नमुना, 1 एप्रिल किंवा त्यानंतरचा."

वंजारवाडी_एक्स्प्रेस: मी काय म्हणत होतो!

गणेश_सेतू: ताई, आजच अर्ज टाका. जातीचा दाखला आणि तीन वर्षांच्या उत्पन्नाचे कागद लागतील. पावती जपून ठेवा.

मोहिनीकाकू: काही ठिकाणी पावती आणि हमीपत्रावर तात्पुरता प्रवेश देतात म्हणे. तेही विचारून टाक.

निवृत्त_कारकून: हा प्रश्न मात्र विचारण्यासारखा आहे. पण वेगळ्या मेलमध्ये, आणि पावती हातात आल्यावर.

प्रिया_लातूर: अर्ज पहिल्या मेलच्या दिवशीच टाकला होता, गणेशदादांचं वाचून. इथे सांगितलं नाही, कारण काका म्हणाले असते आधी उत्तर येऊ दे. आता फाइल प्रांत ऑफिसला आहे. साहेब सोमवारपर्यंत रजेवर, मुदत मंगळवारी संध्याकाळी पाचला. हमीपत्राचा मेल आत्ता पाठवला, पावती जोडून. एकच प्रश्न विचारलाय, काका.